अरबी इदाफ्याची साखळी इंग्रजीत उलगडताना

इदाफा म्हणजे षष्ठीच्या संबंधाने एकापुढे एक जोडलेल्या नामांची अरबी रचना. ‘क़रार रईस मजलिस इदारत अश-शरिका’, म्हणजे कंपनीच्या संचालक मंडळाच्या अध्यक्षाचा निर्णय, या साखळीच्या प्रत्येक सांध्याला ‘ऑफ’ लावला, तर इंग्रजीत चार ‘ऑफ’ साचतात. म्हणून मी ‘मजलिस इदारत’ हे ‘बोर्ड’ असे एकसंध घेतो आणि शेवटच्या ‘शरिका’ला षष्ठी देतो : ‘द डिसिजन ऑफ द कंपनीज बोर्ड चेअरमन’. निश्चितता दाखवणारे ‘अल’ हे उपपद, जे येथे ‘अश’ असे उच्चारले जाते, केवळ अखेरच्या नामाला लागले असले, तरी त्यामुळे संपूर्ण साखळी निश्चित होते, म्हणून आरंभीचा ‘द’ अनिवार्य ठरतो.

खरी कसोटी ‘क़रार लि-रईस मजलिस इदारत अश-शरिका’ येथे लागते, कारण ‘लि’ या संबंधदर्शक अव्ययाने साखळी मुद्दाम तोडून ‘क़रार’ अनिश्चित ठेवलेला असतो. येथे ‘चेअरमन्स डिसिजन’ लिहिल्यास निर्णय निश्चित होऊन अर्थ बिघडतो. त्यामुळे ‘अ डिसिजन बाय द कंपनीज बोर्ड चेअरमन’ हेच मी योग्य मानतो.