उतारावरची गणितं: N = mg cos θ डोळे झाकून लिहू नका

उतारावरच्या वस्तूचं गणित दिसलं की अकरावीची मुलं आधी दोन गोष्टी लिहून मोकळी होतात: वजनाचा उताराच्या दिशेचा घटक mg sin θ आणि लंब बल N = mg cos θ. वस्तू नुसती ठेवलेली असेल किंवा जोर उताराला समांतर असेल, तर हे बरोबर येतं. जोर आडवा, म्हणजे जमिनीला समांतर लावला, की दुसरं वाक्य खोटं ठरतं आणि सगळं उत्तर चुकतं.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. मालीमच्या जेटीवर टेम्पोला फळी लावून बर्फासकट मासळीची पेटी वर चढवायची आहे. पेटी ४० किलोची, फळीचा जमिनीशी कोन ३०°, घर्षणांक ०.२ आणि g = १० धरू. माणूस आडवा जोर F लावतोय. पेटी एकसारख्या वेगाने वर जायला F किती हवा?

अक्ष तिरके घेऊ: x फळीवरून वरच्या दिशेला, y फळीला लंब. पेटी फळी सोडून कुठे जाणार नाही, म्हणून y दिशेला त्वरण शून्य. शिवाय N पूर्णपणे y वर आणि घर्षण पूर्णपणे x वर पडतं. घटक पाडायची उरतात ती दोनच बलं, वजन आणि माणसाचा जोर.

cos कुणाबरोबर जातो?

वजन ४०० न्यूटन, सरळ खाली. त्याचा y अक्षाच्या रेषेशी कोन ३०°, म्हणून फळीत दाबणारा घटक ४०० cos ३०° = ३४६ आणि फळीवरून खाली ओढणारा ४०० sin ३०° = २००. आता माणसाचा जोर. तो आडवा आहे, त्यामुळे त्याचा ३०° चा कोन x अक्षाशी होतो. म्हणून F cos ३०° = ०.८६६F फळीवरून वर, आणि F sin ३०° = ०.५F फळीत दाबणारा.

म्हणजे वजनाचा cos लंब दिशेला गेला, तर जोराचा cos उताराच्या दिशेला. ‘लंब म्हणजे cos’ असं पाठ केलेल्या मुलांची इथे हमखास अदलाबदल होते. कोन ज्या अक्षापासून मोजला, त्या अक्षावरच्या घटकाला cos, एवढंच पाहायचं. शंका आली तर मनातल्या मनात फळी आडवी करा, θ शून्य करा. तेव्हा आडवा जोर पूर्ण फळीच्या दिशेने यायला हवा आणि cos ०° = १ तेच सांगतं. sin लिहिला असता तर सपाट जमिनीवर ढकलूनही जोर शून्य आला असता.

आता y दिशेचं समीकरण:

N = ३४६ + ०.५F

माणूस ढकलताना पेटीला फळीवर दाबतोही आहे. दाब वाढला की घर्षण वाढतं: ०.२ × N = ६९ + ०.१F, दिशा फळीवरून खाली. मग x दिशेला ०.८६६F = २०० + ६९ + ०.१F, म्हणून F सुमारे ३५१ न्यूटन.

N = ३४६ धरून सोडवलं असतं तर F = ३११ आला असता. तेवढाच जोर खरोखर लावला तर? N होतं सुमारे ५०१, घर्षण १००. वर नेणारा घटक २६९, खाली ओढणारी बलं मिळून ३००. सरकती पेटी मंदावून थांबेल. हाच जोर फळीला समांतर लावता आला तर २६९ न्यूटन पुरतात.

आणखी एक चूक आकृतीतच होते. घटक काढल्यावरही वजनाचा मूळ बाण तसाच राहतो आणि समीकरणात तोही मोजला जातो. घटक लिहिले की मूळ बाणावर काट मारा.

तिरके अक्ष नको असतात तेव्हा

चोर्ला घाटातल्या आतल्या बाजूला कललेल्या वळणाचा विचार करा. रस्ता तिरका आहे म्हणून इथेही मुलं अक्ष तिरके घेऊन N = mg cos θ लिहितात. पण गाडी उतारावरून घसरत नाहीये, ती वळतेय. तिचं त्वरण वळणाच्या मध्याकडे, म्हणजे आडवं आहे. तिरक्या अक्षांवर त्या त्वरणाचाही रस्त्याला लंब घटक उरतो, मग y दिशेला बेरीज शून्य कशी येईल? अक्ष आडवा आणि उभा घ्या. घर्षण सोडलं तर उभ्या दिशेला N cos θ = mg, म्हणजे N = mg / cos θ, वजनापेक्षा जास्त. तिरकेच अक्ष ठेवायचे असतील तर N − mg cos θ = ma sin θ लिहा आणि a = g tan θ घाला. उत्तर तेच येतं, फक्त लांबच्या वाटेने.