सट्ट्यात गेलेले हातउसने पैसे मित्राकडे परत मागणारा संदेश कसा लिहावा

मित्राला दिलेले हातउसने पैसे परत मागणे अवघड असतेच. ते पैसे त्याने सट्ट्यात घालवले आहेत हे कळल्यावर ते आणखी अवघड होते. रागाने लिहिलेला संदेश भांडणात संपतो आणि भिडेने लिहिलेला संदेश कुठेच पोहोचत नाही. मी स्वतः पहिल्यांदा लिहिला तो दुसऱ्या प्रकारचा होता: "कसा आहेस? ते पैशांचे जरा बघ, जमेल तेव्हा दे, घाई नाही." उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र आले आणि पुढे दोन महिने काहीच आले नाही. चूक माझीच होती, कारण "जमेल तेव्हा" म्हणून मी तारीख त्याच्या हाती दिली होती आणि सट्टा खेळणाऱ्याचे "जमेल तेव्हा" म्हणजे पुढचा डाव लागल्यावर.

पुढील पायऱ्या एका उदाहरणाच्या आधाराने पाहू. हर्णैच्या बंदरावर एक छोटी होडी चालवणारा मित्र आहे. त्याला आपण बाळा म्हणू. मासेमारी बंदीच्या काळात, १८ जुलैला, इंजिनाच्या दुरुस्तीसाठी म्हणून त्याने ६०,००० रुपये मागितले आणि ते त्याच्या खात्यावर पाठवले गेले. इंजिनाची दुरुस्ती झालीच नाही. पैसे क्रिकेटच्या सट्ट्यात गेले आणि नोव्हेंबरात त्याने ते स्वतःच कबूल केले. मधल्या काळात, ऑक्टोबरात, १०,००० रुपये परत आले. म्हणजे ५०,००० बाकी.

पहिली पायरी: लिहिण्याआधी नोंदी काढाव्यात

पैसे कोणत्या तारखेला आणि कोणत्या मार्गाने दिले, परत किती आले आणि मागताना त्याने कारण काय सांगितले होते, एवढे कागदावर उतरवावे. बँकेच्या उताऱ्यातील व्यवहार क्रमांक शोधून ठेवावा. मागणीच्या वेळचा त्याचा जुना संदेश असेल तर तो पुसू नये, आणि फोन बदलणार असाल तर जुना फोनही जपून ठेवावा.

कारणाची नोंद वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार न्यायालयातून वसूल करता येत नाही, हे पुष्कळांना माहीत असते. पण जुन्या मुंबई इलाख्यासाठी १८६५ साली झालेला कायदा त्याच्याही पुढे जातो: पैजेला मदत करण्यासाठी केलेले व्यवहारही त्याने निष्फळ ठरवले आहेत आणि महाराष्ट्रात त्याचा परिणाम आजही आहे. म्हणून सट्टा खेळण्यासाठीच, तसे ठाऊक असताना, पैसे दिले असतील तर न्यायालयाचा दरवाजा जवळजवळ बंद आहे. इंजिनासाठी दिलेले पैसे घेणाऱ्याने परस्पर सट्ट्यात घातले असतील, तर ते साधे उसने पैसे आहेत आणि देणे कायम राहते. त्यामुळे रागाच्या भरात "तुझ्या सट्ट्यासाठी मी पैसे दिले" असे वाक्य लिहू नये. ते खरे नसून आपल्याच विरोधात जाणारे आहे. उलट सट्ट्याचे आधीच ठाऊक असेल, तर मागाहून इंजिनाची गोष्ट रचण्याच्याही भानगडीत पडू नये. तिथे संदेश आणि मित्राचा शब्द एवढाच आधार उरतो.

दुसरी पायरी: हप्ते त्याच्या मिळकतीवरून ठरवावेत

एकरकमी ५०,००० मागणे सोपे आहे, पण सट्ट्यात बुडालेल्या माणसाला मोठी रक्कम उभी करायला सांगितली की त्याला दोनच वाटा दिसतात: आणखी एक मोठा डाव किंवा दुसरे कर्ज. गमावलेले भरून काढण्यासाठी पुन्हा लावायचे, ही या सवयीची मूळ चाल असते; आपली मागणी तिला निमित्त ठरू नये. म्हणून लहान हप्ते मागावेत आणि ते पैसा हातात येतो त्याच दिवसाशी बांधावेत.

बाळाचा माल घेणारा व्यापारी महिन्याचा हिशेब १० तारखेला पुरा करतो, म्हणून हप्त्याची तारीख १० ठरते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सगळे मेपर्यंत संपायला हवे. शिवाय मेमध्ये त्याला बंदीच्या दोन महिन्यांचे धान्य भरायचे असते, म्हणून शेवटचा हप्ता लहान ठेवावा. मार्चात शिमगा येतो. पालखी दारात आली असताना कोकणात कोणी कोणाचे देणे फेडत नाही, तेव्हा तोही हप्ता लहान असावा. हिशेब असा बसतो: डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीत प्रत्येकी १०,०००, मार्चात ५,०००, एप्रिलमध्ये १०,००० आणि मेमध्ये ५,०००. एकूण ५०,०००. आंब्याची बाग असलेल्या मित्राबाबत हाच विचार दलालाकडून पट्टीचे पैसे येण्याच्या वेळेवरून करावा लागेल. त्याच्याकडे डिसेंबरात मागून काही हाती लागणार नाही, कारण तेव्हा त्याचाच पैसा फवारणीत जात असतो.

व्याज किंवा दंड मागू नये. उसने देताना व्याज ठरले नव्हते, आणि आता ते जोडले की मूळ रकमेवरचे बोलणे बाजूला पडून व्याजावर वाद सुरू होतो.

तिसरी पायरी: संदेश लिहावा

संदेशात रक्कम, ती कशासाठी दिली, किती बाकी आहे, आपल्याला ती का हवी आहे आणि कोणत्या तारखांना हवी आहे, एवढे यावे. सट्ट्याचा उल्लेख करावा की टाळावा यावर मतभेद आहेत. माझ्या मते तो एका वाक्यात करावा आणि तिथेच थांबावे. अजिबात केला नाही तर इंजिनाचे नाटक दोघेही पुढे चालवत राहतो, आणि जास्त केला तर तो उपदेश वाचून फोन खाली ठेवतो. २ डिसेंबरला पाठवायचा संदेश असा होईल:

"बाळा, इंजिनाच्या कामासाठी म्हणून १८ जुलैला मी तुझ्या खात्यावर ६०,००० रुपये पाठवले होते. ऑक्टोबरात तू १०,००० परत केलेस, ५०,००० बाकी आहेत. ते पैसे इंजिनाला न लागता सट्ट्यात गेले, हे तू स्वतः मला सांगितलेस. त्यावरून मी भांडत नाही, पण पैसे मला परत हवे आहेत. पावसाआधी घराचे छप्पर उतरवून नवीन घालायचे आहे आणि ते याच पैशांवर आहे. तुझा हिशेब १० तारखेला होतो, म्हणून १० डिसेंबर, १० जानेवारी आणि १० फेब्रुवारीला दहा-दहा हजार, शिमग्यामुळे मार्चात पाच हजार, १० एप्रिलला दहा हजार आणि बंदी लागायच्या आधी १० मेला शेवटचे पाच हजार असे दे. पैसे हातात येतील त्याच दिवशी, संध्याकाळ व्हायच्या आत, माझ्या खात्यावर पाठव. जिंकून देतो असे म्हणू नकोस, आणि माझे फेडायला दुसरे कर्ज काढू नकोस किंवा घरातले सोने गहाण ठेवू नकोस. यापुढे मला तुला नवीन पैसे देता येणार नाहीत. हे हप्ते जमतात का ते रविवारपर्यंत लिहून कळव. आकडा कमी करायचा असेल तर किती ते तू सांग, तारीख मात्र ठरवूनच सांग."

"संध्याकाळ व्हायच्या आत" हे शब्द उगाच घातलेले नाहीत. सामने बहुधा संध्याकाळी रंगतात आणि सकाळी हातात आलेला पैसा रात्रीपर्यंत टिकेलच असे नसते. "माफ कर", "वाईट वाटून घेऊ नकोस", "राग नाही ना" अशी वाक्ये मी दुसऱ्या मसुद्यातून काढून टाकली. आपलेच पैसे मागताना माफी मागितली की समोरच्याला ते देणे ऐच्छिक वाटू लागते.

चौथी पायरी: कधी आणि कुठे पाठवावा

होडी बंदराला लागून माल उतरल्यावर, सामना नसलेल्या दिवशी, फक्त त्याच्या एकट्याच्या क्रमांकावर पाठवावा. वाडीच्या किंवा वर्गमित्रांच्या गटात पाठवू नये. त्याच्या आईला किंवा बायकोला सांगेन अशी धमकी देऊ नये. पोलिसांचे नावही काढू नये: उसने पैसे न फेडणे हा एरवी दिवाणी मामला असतो, आणि पोलिसांची भीती दाखवून पैसे मागितल्यास आपणच अडचणीत येतो.

पाचवी पायरी: उत्तरावर काय लिहावे

"पुढच्या सामन्यात सगळे एकदम देतो" असे आले तर एवढेच लिहावे: "सामन्याच्या पैशांतून नको. १० तारखेच्या हिशेबातून दहा हजार दे." "आणखी पाच हजार दे, मग सगळे सुटेल" असे आले तर "नाही देता येणार" इतके पुरे, कारणे दिली की तो एकेक कारण खोडत बसतो. "दहा नाही जमत, सहा देतो" हे उत्तर मात्र चांगले समजावे, कारण त्यात आकडा आहे. ते लगेच मान्य करून उरलेले कोणत्या महिन्यांत येणार ते त्याच्याकडून लिहून घ्यावे. मे संपेपर्यंत सगळे बसत नसेल तर बाकी १० सप्टेंबरला ढकलावी, १० ऑगस्टला नव्हे. हंगाम १ ऑगस्टला सुरू झाला तरी पहिल्या दिवसांत डिझेल आणि बर्फाचाच खर्च असतो.

"आत्ता जगावेसे वाटत नाही" असा सूर दिसला तर हप्त्यांचे बोलणे बाजूला ठेवून आधी त्याला गाठावे. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

काहीच उत्तर आले नाही तर १० तारीख उलटल्यावर दुसरा संदेश पाठवावा, पहिल्यापेक्षा लहान: "बाळा, २ तारखेच्या संदेशाचे उत्तर आले नाही आणि १० तारखेचा हप्ताही आला नाही. शनिवारी सकाळी मी बंदरावर येतो, तेव्हा बसून ठरवू." समोरासमोर ठरले तर साध्या कागदावर बाकी रक्कम आणि तारखा लिहून त्याची सही आणि त्या दिवसाची तारीख घ्यावी. मुदत न ठरवता उसने दिलेल्या पैशांचा दावा पैसे दिल्यापासून ३ वर्षांत करावा लागतो. त्या आत देणेकऱ्याने लेखी आणि सहीनिशी देणे कबूल केले तर सहीच्या तारखेपासून ३ वर्षे पुन्हा मोजली जातात. फोनवरच्या संदेशाला सहीचे बळ मिळेलच असे नाही, म्हणून कागद हवा. कागदालाही तो नकार देत असेल, तर वकिलाची नोटीस काढण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व तडजोडीसाठी अर्ज करता येतो. अर्जासोबत बँकेचा उतारा आणि हे दोन संदेश छापून जोडावेत.