स्नेहसंमेलनात आवडत्या कादंबरीची ओळख तीन मिनिटांत कशी करून द्यावी

स्नेहसंमेलनात पुस्तकावर बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात. माइकवर सावकाश बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे आपल्या हातात तीनशे शब्द. वहीचं एक पान भरलं की संपलं. तेवढ्यात अख्खी कादंबरी सांगायला जाणं हीच सगळ्यात नेहमीची चूक. ‘मग तो गावी येतो, मग असं होतं, मग तसं होतं’ सुरू झालं, की मागच्या रांगा आपसात बोलू लागतात.

म्हणून पहिलं काम निवडीचं. कादंबरीतली एकच अडचण निवडा, अशी की ती ऐकून पुढे काय झालं हे विचारावंसं वाटेल. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेऊ. १९५५ साली आलेली ही छोटीशी कादंबरी. एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो, आणि गोष्ट तोच सांगतो. पुढे वाडीत तालीम बांधली जाते, दुष्काळ पडतो, बरंच काही घडतं. भाषणासाठी मात्र सुरुवातीचीच अडचण घ्यायची: शाळेत मुलंच येत नाहीत. पोरं मेंढरांमागे गेली तर घराला उपयोग, शाळेत बसून काय मिळणार, असा वाडीचा रोकडा हिशोब. समोर बसलेली सगळी शाळेतलीच मुलं असल्यामुळे हा पेच त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

आता लिहायला बसा. पहिलं वाक्य थेट त्या अडचणीचं. ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ यात वेळही जातो आणि लक्षही. ‘नमस्कार’ एवढं पुरे. मग असं काहीतरी:

‘शाळा आहे. मास्तर आहेत. पण शिकायला मुलंच नाहीत. आपल्याकडे असं झालं तर आपण सुट्टी साजरी करू. बनगरवाडीच्या मास्तरांना मात्र नोकरी टिकवायची आहे.’

शेवटच्या वाक्यामुळे गंमत संपून गोष्ट सुरू होते. त्यानंतर लेखक आणि कादंबरीचं नाव एका वाक्यात. लेखकाचा जन्म, शिक्षण, पुरस्कार सगळं गाळा; ती माहिती मलपृष्ठावर असते, आणि कार्यक्रमात तरी ती कोणाच्या लक्षात राहत नाही.

पात्रांची नावं दोनच ठेवा. इथे मास्तर आणि वाडीचा म्हातारा कारभारी. कारभाऱ्याचा शब्द वाडीत चालतो, म्हणून त्याला आपल्या बाजूला वळवणं हे मास्तरांचं पहिलं काम, एवढं सांगितलं की गाडी पुढे जाते. आनंदा रामोशी मला स्वतःला फार आवडतो, पण त्याला या भाषणात आणला की तो कोण हे सांगण्यात अर्धं मिनिट जातं. आवडत्या पात्राला असं बाहेर ठेवणं जिवावर येतं खरं.

मधला भाग पुस्तकातून वाचायचा. लहान वाक्यांचा चार-पाच ओळींचा उतारा निवडा, पान सापडावं म्हणून तिथे कागदाची पट्टी घाला, आणि पाठ न करता पुस्तक हातात धरूनच वाचा. उताऱ्यात बोलीभाषेतला संवाद असेल तर आधी तो मोठ्याने वाचून पाहा. जीभ अडखळते ते वाक्य सोडून दुसरा उतारा घ्या. नाटकी आवाज काढू नका. माणदेशी बोली नक्कल केल्यासारखी वाटली की लोक भलत्याच जागी हसतात.

मग पुस्तक का आवडलं ते. ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘वास्तववादी’ हे शब्द कुठल्याही पुस्तकाला चालतात, म्हणून इथे नकोत. त्याऐवजी एखादी नेमकी गोष्ट सांगा: ‘हे मास्तर फक्त शिकवत नाहीत. वाडीतल्या माणसांच्या तक्रारी, भांडणंही हळूहळू त्यांच्याकडे यायला लागतात.’ हे फक्त याच पुस्तकाबद्दल म्हणता येतं.

सराव करताना मोबाइलवर वेळ लावा. घरी अडीच मिनिटं झाली तर मंचावर तीन होतील, कारण उतारा उघडायला आणि हशा ओसरायला वेळ लागतो. जास्त होत असेल तर घाईघाईने बोलू नका, एखादं वाक्य काढा. कादंबरी न वाचलेल्या मित्राला एकदा ऐकवा आणि विचारा, ‘मास्तरांपुढे अडचण कुठली?’ त्याला सांगता आलं नाही, तर सुरुवात पुन्हा लिहा. ‘मग मुलं आली का?’ असं त्यानेच विचारलं, तर भाषण तयार आहे.

या प्रश्नाचं उत्तर मंचावरूनही द्यायचं नाही. तालमीचा उल्लेख हवा तर करा. दुष्काळात वाडीचं काय होतं ते मात्र सांगू नका. शेवटचं वाक्य साधं: ‘मुलं शाळेत आली का, ते पुस्तकात आहे, आणि पुस्तक आपल्या ग्रंथालयात आहे.’ ते खरोखर तिथे आहे ना, एवढं आदल्या दिवशी बघून ठेवा. ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ हे नको. पुस्तक मिटा आणि खाली उतरा.