साइटवर कालवलेलं काँक्रीट की आरएमसी? घर बांधताना या चुका टाळा

पहिली चूक काम सुरू होण्याआधीच होते: 'अख्ख्या घराला आरएमसी' किंवा 'सगळं साइटवरच' असं एकदाच ठरवून टाकणं. आरएमसी म्हणजे प्लांटमध्ये कालवून गाडीने साइटवर येणारं तयार काँक्रीट. हा निर्णय घराचा नसतो, त्या दिवशीच्या कामाचा असतो. किती घनमीटर लागणार आणि ते किती वेळात संपवायचं, एवढं पाहिलं की उत्तर मिळतं.

हजार चौरस फुटांचा, पाच इंची स्लॅब घेऊ. त्याला साधारण 12 घनमीटर काँक्रीट लागतं, बीम धरून 15. साइटवर सिमेंट, वाळू, खडीचं 1:1.5:3 प्रमाण ठेवलं तर घनमीटरला सुमारे आठ गोण्या सिमेंट जातं, म्हणजे एकूण 120 गोण्या. एका गोणीच्या मिक्सरवर हे 120 घाणे होतात. घाण्याला चार-पाच मिनिटं धरली तरी आठ ते दहा तास, तेही मिक्सर कुठे बंद न पडता. तेच काम सहा घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरच्या तीन गाड्यांत अर्ध्या दिवसात होतं. स्लॅबला आरएमसी शोभतं ते यासाठी.

कॉलमचं गणित उलटं आहे. 9 इंच बाय 12 इंचाच्या दहा फुटी कॉलमला जेमतेम 0.2 घनमीटर लागतं. बारा कॉलम मिळून अडीच. ते थराथराने, व्हायब्रेटर फिरवत सावकाश भरायचे असतात, तोवर गाडी ताटकळते आणि तिच्यातला माल म्हातारा होतो. शिवाय पंपाची पाच इंची पाइपलाइन 40 मीटर टाकली तर अर्धा घनमीटर पाइपातच अडकतो. म्हणून कॉलम, लिंटेल, छज्जे, जिना साइटवरच कालवावेत.

दुसरी चूक दोन्हीकडे सारखीच: पाणी. काँक्रीट सर्वांत जास्त बिघडतं ते इथेच.

साइटवर 50 किलोच्या गोणीला 25 लिटर पाणी हे चांगलं माप. पण त्यात वाळूतलं पाणीही मोजायचं असतं. एका घाण्यात साधारण 80 किलो वाळू जाते. ती पाच टक्के ओली असेल तर चार लिटर तिच्यातूनच येतात, म्हणजे वरून फक्त 21 टाकायचं. प्रत्यक्षात काँक्रीट 'चालत नाही' म्हणून आणखी एक दहा लिटरची बादली ओतली जाते आणि ताकद साधारण एक तृतीयांशाने उतरते. त्या दिवशी ते डोळ्यांना कळत नाही. फळ्या काढल्यावर पृष्ठभाग भुकटीसारखा खरवडला जाणं, खडी तळाला आणि वर पाण्याची साय, या त्याच्या खुणा. उपाय साधा आहे: मिक्सरजवळ खूण केलेली बादली ठेवा आणि पाणी टाकणारा माणूस दिवसभर एकच ठेवा. ओली वाळू फुगते, तिचा फर्मा भरला तरी आत वाळू कमी असते, हेही ध्यानात असू द्या.

आरएमसीत हीच चूक गाडीच्या टाकीतून होते. गाडी अडकून उशिरा आली, माल घट्ट झाला की ड्रममध्ये शंभर लिटर पाणी सोडलं जातं. सहा घनमीटरला तेवढ्याने ताकद दहाएक टक्के जाते, आणि ती पूर्ण गाडीची जाते. पाणी न घालता प्लांटच्या माणसाकडून ठरलेलं अॅडमिक्श्चर, म्हणजे माल सैल करणारं रसायन, घालून घ्या, ड्रम काही मिनिटं जोरात फिरवा, स्लम्प, म्हणजे साच्यातून काढल्यावर माल किती खाली बसतो ते, पुन्हा तपासा. पंपाच्या मालाला 100 ते 150 मिलिमीटर स्लम्प पुरतो. चलनावरची माल भरल्याची वेळ आधी वाचा. दोन तास उलटले असतील तर ती गाडी परत पाठवायचा हक्क तुमचा आहे. ग्रेडही तिथेच ताडून घ्या.

तिसरी चूक दोन गाड्यांमधल्या खंडाची. पहिली गाडी रिकामी झाली आणि दुसरी दीड तासाने आली, तर मधल्या कडेवर सांधा राहतो आणि पुढे पावसाळ्यात तिथून पाणी झिरपतं. कड जिवंत, म्हणजे अजून न घट्टलेली, आहे का ते व्हायब्रेटरने कळतं: सुई स्वतःच्या वजनाने आत गेली आणि बाहेर काढताना भोक मिटलं तर पुढचं काँक्रीट बिनधास्त भिडवा. भोक तसंच राहिलं तर थांबा. स्पॅनच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, मधल्या तिसऱ्या भागात फळी उभी लावून सरळ कड करा आणि दुसऱ्या दिवशी ती टोचून, धुऊन, सिमेंटची स्लरी लावून पुढे जा. अशी वेळ येऊ नये म्हणून दुसरी गाडी पहिली अर्धी रिकामी व्हायच्या आत फाटकाशी हवी. तिसरीचं नेमकं माप मात्र दुसरी ओतत असताना, उरलेली जागा टेपने मोजूनच कळवा.

पंप एका जागी ढीग घालतो, त्याने सेंट्रिंग खचतं; नळी सतत हलती ठेवायला एक माणूस द्या. भरलेली गाडी सुमारे 25 टनांची असते, त्यामुळे तिच्या वाटेत सेप्टिक टँकचं झाकण किंवा नुकताच भरलेला चर असेल तर गाडी रस्त्यावरच थांबवून पाइप वाढवा. तेवढीही जागा नसेल, तर स्लॅबही साइटवरच करावा लागेल. मग मिक्सर दोन आणा, कारण एक बंद पडला तर दुसऱ्याने कड जिवंत ठेवता येते.