डिस्क मेली की नुसती अडखळली? या चुका टाळा

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणं काही नवीन नाही. अशाच एका गुरुवारनंतर रविवार पेठेतल्या एका दुकानदाराचा हिशेबाचा संगणक एका फाइलवर अडकू लागला. "काका, डिस्क गेली म्हणतात, नवीच घ्या," असं सांगत त्यांचा मुलगा १ टीबीची डिस्क घेऊन माझ्याकडे आला. मी ती माझ्या संगणकाला लावून, डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे आकडे काढले:

```
sudo smartctl -A /dev/sdb
  5 Reallocated_Sector_Ct    RAW_VALUE 0
197 Current_Pending_Sector   RAW_VALUE 8
```

(बाकीचे रकाने गाळले आहेत.)

पहिली चूक म्हणजे या दोन ओळी एकाच अर्थाने वाचणं. पाचवी ओळ म्हणजे ५ क्रमांकाची. तिच्यातले सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे छोटे कप्पे, डिस्कने कायमचे बाद करून त्यांच्या जागी राखीव सेक्टर जोडलेले असतात. १९७ मधल्यांचा निकाल अजून लागलेला नसतो. ते वाचता आले नाहीत, पण मजकूर मिळाल्याशिवाय डिस्क ते परस्पर बदलत नाही, त्यावर पुन्हा काही लिहिलं जाण्याची वाट पाहते. लिहिताना जागा ठीक निघाली तर आकडा नुसता कमी होतो. खराब निघाली तर ती बाद होते आणि पाचवी ओळ वाढते. लिहिण्याच्या मधोमध वीज गेली तर धडधाकट जागाही अशी वाचेनाशी होऊ शकते. शिवाय ८ हा आकडा दिसतो तितका मोठा नाही. आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असेल, तर ५१२ बाइटच्या मापाने तो एकटाच ८ भरतो.

दुसरी चूक घाईची. आकडा शून्यावर आणायचा म्हणून लोक डिस्क लगेच फॉरमॅट करतात. त्यात डेटा हातचा जातो, आणि क्विक फॉरमॅट तर त्या सेक्टरपर्यंत बहुधा पोचतही नाही. मी आधी खराब डिस्कवरून वाचता येईल तेवढं काढून घेणाऱ्या `ddrescue` ने सगळी डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवली. फक्त ४ केबी मिळाले नाहीत, म्हणजे एका फाइलचा तुकडा गेला. ती फाइल जुन्या बॅकअपमधून आली. मग मूळ डिस्कवर शेवटपर्यंत शून्यं लिहिली, त्याला अडीच-एक तास लागले. त्यानंतर `smartctl -t long` ही लांब चाचणी लावली. ती बिनचूक पार पडली, १९७ शून्यावर आला आणि पाचवी ओळही शून्यच राहिली. दोष विजेचा होता. दुकानदारांनी डिस्कऐवजी यूपीएस घेतला.

पण सगळ्यांचं नशीब असं नसतं. त्याच महिन्यात आलेल्या दुसऱ्या डिस्कवर पाचवी ओळ १६ होती. शून्यं लिहून झाल्यावर ती ४०, आठवड्याने ११२, आणि १९७ मध्येही नवे सेक्टर. एकदाच वाढून महिनोन्महिने थांबलेला आकडा मी चालवून घेतो, बॅकअप ठेवून. दर आठवड्याला चढणारा मात्र नाही. ती डिस्क मी भंगारात काढायला सांगितली, तेव्हा मालक म्हणाले, "पण अहवालात PASSED लिहिलंय की!" तो शेरा डिस्क बनवणाऱ्याने ठरवलेली मर्यादा ओलांडल्यावरच बदलतो, आणि ती मर्यादा इतकी सैल असते की कित्येक डिस्क PASSED असतानाच बंद पडतात.