फोटोवरून कंद ओळखणं, आणि टॅपिओका शिजवण्याची एकच खरी रीत

गेल्या हिवाळ्यात दोडामार्गहून दिरांचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "वहिनी, हे पांढरं रताळं बागेतल्या माणसाने दिलंय. चतुर्थीला उकडू का?" फोटोत हातभर लांब, मातकट तपकिरी सालीचं मूळ. मी लगेच फोन केला, "आज उकडू नका. आडवं कापा आणि कापलेल्या बाजूचा फोटो पाठवा."

नुसत्या वरच्या फोटोवरून कंदाचं नाव सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कापलेला फोटो हवाच, आणि पान मिळालं तर पानाचाही. दिरांच्या दुसऱ्या फोटोत सगळं उघड झालं. सर्वात वर झाडाच्या सालीसारखा तपकिरी पापुद्रा, त्याखाली गुलाबीसर पांढरी जाड साल, आत खडूसारखा पांढरा गर आणि बरोबर मधोमध एक कडक दोरा. रताळ्याला ही जाड दुसरी साल नसते आणि मधला दोराही नसतो. हा टॅपिओका, म्हणजे साबुकंद. याचं पान हाताच्या पंजासारखं, पाच-सात बोटांचं असतं. दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबराच्या बागा करणाऱ्या केरळी मंडळींकडे तो हमखास दिसतो.

कमळकाकडी आणि शिंगाडा ओळखणं सोपं. कमळकाकडी म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कांड्या. आडवी कापली की चकतीत भोकांचं गोल फूल दिसतं आणि मोडली की कोळिष्टकासारखे बारीक तंतू ताणले जातात. शिंगाड्याला दोन शिंगं असतात. इंटरनेटवर याच नावाखाली गोल, तपकिरी, अंगावर वळ्या असलेला कंद दिसला, तर तो चिनी पाककृतींतला वेगळा कंद आहे. आपल्या उपवासाच्या पिठाचा शिंगाडा हे फळ आहे.

या दोघांना शिजवायचं ते वेगळ्या कारणाने. तळ्यातल्या गोगलगायींतून बाहेर पडलेली एका चपट्या जंताची सूक्ष्म पिल्लं पाण्यातल्या वनस्पतींवर कवच करून चिकटतात. म्हणून शिंगाड्याचं साल कधीही दातांनी सोलू नका आणि मुलांना सोलू देऊ नका. शिंगाडे घासून धुवा आणि सालासकट पंधरा-वीस मिनिटं उकडा. कमळकाकडी दोन्ही टोकं बंद असलेलीच घ्या, नाहीतर भोकांत चिखल भरलेला असतो. सोला, चकत्या करा, धुवा, पाच-सात मिनिटं उकळा, मग भाजी करा. या दोघांचं काम इथे संपलं.

टॅपिओकाचं तसं नाही, कारण त्याचं विष बाहेर चिकटलेलं नसतं, गरातच असतं. त्यात लिनामरिन नावाचं द्रव्य असतं. गर चिरला किंवा किसला की त्याच मुळातलं एक एन्झाइम त्याला भेटतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. कडू जातींत ते जास्त, गोड जातींत कमी. कोणत्याही फोटोत हा फरक दिसत नाही. फोटोवरून "हा गोड आहे, बिनधास्त खा" असं कोणी सांगितलं, तर त्याचं ऐकू नका.

मी स्वतः यात चुकले आहे. पहिल्यांदा आणला तेव्हा सुरीने वरचा पापुद्रा खरवडला, मोठे तुकडे केले आणि थोड्या पाण्यात कुकरला तीन शिट्ट्या दिल्या, अगदी रताळ्यासारख्या. मऊ झाला, दिसायलाही छान. दोन-तीन घासांत कडवट लागला, तरी टाकवेना म्हणून खाल्ला. तासा-दीड तासाने मला आणि यांना मळमळ, डोकं जड. संध्याकाळपर्यंत उतरलं, पण मुलगी त्या दिवशी आजोळी होती याचं मला आजही बरं वाटतं. तेवढाच घास लहान अंगाला जास्त बाधतो.

त्या दिवशी तीन चुका झाल्या. आतली जाड साल ठेवली, आणि विषाचं प्रमाण सालीत गरापेक्षा जास्त असतं. तुकडे मोठे ठेवले. आणि कुकर लावला. सायनाइडचा वायू साधारण 26 अंशांनाच उकळतो, म्हणजे उघड्या पातेल्यातून तो सहज निघून जातो, आणि न फुटलेलं लिनामरिन पाण्यात उतरतं. झाकणबंद कुकरमध्ये, वाटीभर पाण्यात, यातलं काहीच नीट होत नाही. मऊ झाला म्हणजे शिजला हे रताळ्यापुरतं खरं. इथे विष बाहेर गेलं की नाही हा प्रश्न असतो.

दिरांना फोनवर सांगितलेली रीत अशी. एक किलो कंद घ्या. गरात निळ्या-काळ्या रेषा असतील तर तो भाग फेका, कंद शिळा झालाय. सालीला उभी चीर द्या, सुरीचं टोक आत घाला आणि गुलाबीसर जाड सालीसकट सगळं सोलून काढा. ती अखंड पट्टीसारखी निघते. उभे चार भाग करून मधला दोरा ओढून काढा आणि इंचभराचे तुकडे करा. भरपूर पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी ते पाणी ओता.

आता मोठ्या पातेल्यात पाच लिटर गार पाणी घ्या, त्यात तुकडे टाका आणि मग गॅस पेटवा. पाणी आधी उकळून घेऊ नका, कारण कडक उष्णतेत ते एन्झाइम मरतं. हळूहळू तापताना त्याला काम करायला वेळ मिळतो. झाकण ठेवू नका, खिडकी उघडी ठेवा. दहा मिनिटं खळखळू द्या, पाणी ओतून टाका, नवं पाणी आणि मीठ घाला, आणि तुकडा बोटाने सहज फुटेपर्यंत, साधारण पंधरा-वीस मिनिटं, उकळा. हेही पाणी टाका. या पाण्याचं सार किंवा कढण करायचं नाही.

शिजलेला तुकडा चाखा. कडवट लागला तर पातेलंभर टाकून द्या, मसाल्याने झाकू नका. कडू नाही म्हणजे पूर्ण सुरक्षित, असंही नाही, म्हणून गोड जातीलाही हीच रीत. चुलीच्या निखाऱ्यात भाजणं, कच्च्या चकत्या थेट तेलात तळणं, नुसतं वाफवणं मी घरात होऊ देत नाही. तळायचंच असेल तर आधी असं उकडून मग तळा.

हे वाचून साबुदाण्याला घाबरू नका. तो याच कंदाचा, पण तिथे कंद किसून, धुऊन फक्त तळाशी बसलेलं सत्त्व घेतात, मग ते भाजून वाळवतात. किसण्या-धुण्यातच विष निघून जातं.

खाल्ल्यावर काही तासांत उलट्या, पोटदुखी, चक्कर, जोरात श्वास असं काही झालं, तर लिंबूपाण्यात वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि टॅपिओका खाल्ल्याचं डॉक्टरांना सांगा. उरलेला कंद सोबत न्या.

दिरांनी चतुर्थीला रताळंच खाल्लं आणि टॅपिओका दुसऱ्या दिवशी बांगड्याच्या तिखल्यासोबत. साली मात्र परड्यातल्या गाईपुढे टाकायला निघाले होते. कच्ची साल आणि पाला जनावरालाही मारतो. त्या खड्ड्यात पुरायला लावल्या.