सुपरट्रेंडच्या उलटसुलट सिग्नलवर केलेला उपाय

निफ्टी फ्युचर्सवर तासाच्या कँडलचा सुपरट्रेंड (10, 3) ऑटो चालवतो. रेषा पलटली की जुनी पोझिशन कापून लगेच उलटी घ्यायची, असा नियम होता. ट्रेंडमध्ये मस्त चालायचं, पण बाजार आडवा झाला की लॉस-लॉस-लॉस.

गणित साधं आहे. समजा एटीआर 40 आहे, म्हणजे रेषा किमतीपासून त्याच्या तिप्पट, साधारण 120 पॉइंट लांब. बाजार 150 पॉइंटच्या पट्ट्यात फिरतोय. तळापासून 120 वर गेल्यावर खरेदी होते, तेव्हा वर उरतात फक्त 30. मग माथ्यापासून 120 खाली आल्यावर विक्री. एका फेरीत 90 पॉइंट गेले, ब्रोकरेज वेगळं! पट्टा 120 पेक्षा लहान असेल तर रेषा सहसा पलटतच नाही. 120 ते 240 हाच खरा घातक टप्पा.

आता रेषा पलटली की स्क्रिप्ट फक्त पोझिशन कापते. नवी एंट्री तेव्हाच, जेव्हा पुढची एखादी कँडल पलटलेल्या कँडलच्या हायच्या वर (शॉर्टसाठी लोच्या खाली) बंद होते:

```python
if waiting_long and close > flip_high:
    buy()
```

3:15 ची कँडल पंधराच मिनिटांची असते, तिच्यावर एंट्री बंद ठेवली आहे. फसव्या एंट्री बऱ्याच गळल्या. जोरदार ट्रेंडमध्ये मात्र गाडी उशिरा पकडली जाते, आणि तेवढं मी चालवून घेतो.